धागा: डायोडचं 10 मार्कांचं उत्तर पूर्ण मार्कांना कसं लिहायचं? (माझं 4 वर अडकलंय)

गंगावेशचा_गडी

नमस्कार मंडळी. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापूर. आमच्याकडं एक प्रश्न ठरलेला: "पी-एन जंक्शन डायोडची रचना सांगून फॉरवर्ड व रिव्हर्स बायसमधील व्ही-आय कॅरॅक्टरिस्टिक्स सर्किट व आलेखासह स्पष्ट करा." 10 मार्क. मागच्या वेळी पाच पानं लिहिली, जर्नलमधली रीडिंगं पाठ होती ती पण घातली. पडले 4.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. शेरा काहीच नाही. फक्त रिव्हर्सच्या सर्किटमध्ये व्होल्टमीटरभोवती लाल गोल, आणि आलेखाच्या डाव्या अर्ध्या भागावर मोठं प्रश्नचिन्ह. त्या व्होल्टमीटरनं कुणाचं काय घोडं मारलंय हे मला अजून कळलेलं नाही. नमुना उत्तर कुणाकडं असेल तर टाका, ऑक्टोबरला परत बसायचंय.

तांबडा_पांढरा

पाच पानं? भावा, उत्तर लिहिलंस का पोथी?

अपूर्वा_राजारामपुरी

मला गेल्या वर्षी याच प्रश्नाला 9 होते. मुख्य गोष्ट म्हणजे बॅरिअर पोटेन्शिअल. सिलिकॉनचा 0.7, जर्मेनिअमचा 0.3 व्होल्ट. तिथपर्यंत करंट शून्य, आणि तो ओलांडला की एकदम सुटतो. ही ओळ आणि आकृती असली की मार्क मिळतात. तू 0.7 लिहायला विसरला असशील.

गंगावेशचा_गडी

@अपूर्वा 0.7 तीन ठिकाणी लिहिलंय गं. एकदा तर चौकटीत.

सोल्डरगन

मी परीक्षेतला नाही, टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्तीवाला. 22 वर्षं झाली. धागा डायोडचा दिसला म्हणून विचारतो. माझ्या मल्टीमीटरला नवाकोरा 4007 लावला तरी 0.57 दाखवतो. 0.7 कधीच नाही. दहा दुकानांतला माल लावून बघितला. हे 0.7 कुठल्या डायोडचं आहे? का सगळा माल डुप्लिकेट यायला लागलाय?

शिरोली_सेकंड_शिफ्ट

मीटरचा सेल बदला सोल्डरगन.

सोल्डरगन

कालच बदललाय.

जुना_परीक्षक

सोल्डरगन, तुमचा माल चांगला आहे आणि मीटरही. त्यावर नंतर येतो, कारण त्याचा अपूर्वाच्या उत्तराशी संबंध आहे.

गडी, आधी तू सांग. रिव्हर्सचं सर्किट नेमकं कसं काढलं होतंस? आणि रीडिंगं काय लिहिली होतीस, आठवतात का?

गंगावेशचा_गडी

सर, फॉरवर्डचंच सर्किट, फक्त बॅटरी उलटी केली आणि मिलिअमीटरच्या जागी मायक्रोअमीटर. व्होल्टमीटर दोन्हीकडं डायोडच्या दोन टोकांना. रीडिंगं जर्नलातली खरी आहेत, कुणाची छापलेली नाहीत: 2 व्होल्टला 0.2 मायक्रोअँप, 4 ला 0.4, 6 ला 0.6, 8 ला 0.8, 10 ला 1.0. डिजिटल मीटर होते. आलेख एकदम सरळ रेषेत आला, म्हणून मी तर खूश होतो.

जुना_परीक्षक

सरळ रेष आली तिथंच शंका यायला हवी होती. रिव्हर्समध्ये डायोडचा करंट व्होल्टेजबरोबर वाढत नाही. काही दशांश व्होल्टपर्यंत थोडा वाढतो, पुढं जवळजवळ आडवा राहतो. कारण तो पी बाजूला असलेल्या मोजक्या इलेक्ट्रॉनांचा आणि एन बाजूच्या मोजक्या होलांचा करंट आहे. ते उष्णतेनं जितके तयार होतात तितकेच पलीकडं जाणार. तुम्ही जोर वाढवलात म्हणून जास्त येणार कुठून? शून्यातून निघालेली सरळ रेष ही रेझिस्टरची सही असते, डायोडची नव्हे.

आता भागाकार कर. 10 व्होल्ट भागिले 1 मायक्रोअँप किती? 10 मेगाओहम. बहुतेक डिजिटल व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध एवढाच असतो. तू डायोड मोजलाच नाहीस, व्होल्टमीटर मोजलास. मायक्रोअमीटरमधून जाणारा करंट पुढं दोन वाटांनी गेला, थोडा डायोडमधून आणि जवळजवळ सगळा व्होल्टमीटरमधून. सिलिकॉन डायोडची गळती नॅनोअँपमध्ये असते, ती तुझ्या मीटरला दिसतच नाही.

खात्री करायची असेल तर तीच जोडणी ठेव आणि डायोड उपटून काढ. रीडिंगं तीच येतील.

काट्याचा व्होल्टमीटर असता तर याहून वाईट. 10 व्होल्टच्या रेंजला 20 किलोओहम प्रति व्होल्टवाला मीटर 50 मायक्रोअँप खातो.

गंगावेशचा_गडी

आयला. म्हणजे लाल गोल त्याचा होता!

अपूर्वा_राजारामपुरी

पण सर, मग फॉरवर्डला तीच जोडणी का चालते? मी दोन्हीकडं सारखीच काढली होती बहुतेक, तरी 9 आले.

जुना_परीक्षक

तपासणारा दमलेला असेल, शंभरावा पेपर असेल. 😀

फॉरवर्डला डायोडमधून 9 मिलिअँप जातात. व्होल्टमीटर खातो 0.07 मायक्रोअँप. कुणाला कळतं? तिथं भीती उलटी असते. व्होल्टमीटर बाहेर, म्हणजे मिलिअमीटर आणि डायोड दोघांवर मिळून लावला, तर मिलिअमीटरवर पडणारं व्होल्टेजही मोजलं जातं. मीटरचा रोध 10 ओहम धरला तर 9 मिलिअँपला 0.09 व्होल्ट. मोजायचे आहेत 0.69, त्यात 0.09 ची भर पडली तर आलेख उजवीकडं सरकतो. रिव्हर्सला मायक्रोअमीटरचा रोध 1 किलोओहम धरला तरी 1 मायक्रोअँपला 1 मिलिव्होल्ट, 10 व्होल्टांपुढं काहीच नाही.

म्हणून फॉरवर्डला व्होल्टमीटर फक्त डायोडवर, रिव्हर्सला मायक्रोअमीटर आणि डायोड मिळून दोघांवर. "बॅटरी उलटी केली" एवढं लिहून भागत नाही.

मिसळ_आणि_मीटर

सर, मग तुम्हीच पूर्ण उत्तर लिहा की इथं. सगळी बॅच वाचतेय.

ठेचा_भाकरी

सुरुवातीला इतिहास घातला तर? 1940 साली बेल लॅबमध्ये रसेल ओल यांना पी-एन जंक्शन सापडलं वगैरे. एक मार्क कुठं जात नाही.

जुना_परीक्षक

इतिहास खरा आहे, पण प्रश्नात विचारलेला नाही. मी तपासायचो तेव्हा त्या परिच्छेदावर नुसती नजर फिरवून पुढं जायचो.

लिहितो. साधारण 400-450 शब्द आणि तीन आकृत्या, म्हणजे अडीच-तीन पानं. माझ्या तपासणीत मार्क असे पडत: रचना 2, फॉरवर्ड 2, रिव्हर्स 2, दोन सर्किटं मिळून 2, आलेख 2. दुसरा परीक्षक थोडं इकडंतिकडं करेल.

---

*रचना.* एकाच सिलिकॉन स्फटिकाच्या एका भागात पी-प्रकारची व दुसऱ्या भागात एन-प्रकारची अशुद्धी मिसळली की दोहोंच्या सीमेवर पी-एन जंक्शन तयार होते. पी बाजूला होल जास्त, एन बाजूला इलेक्ट्रॉन जास्त असल्यामुळे होल एनकडे व इलेक्ट्रॉन पीकडे पसरू लागतात आणि सीमेजवळ एकमेकांत विरून जातात. मागे राहतात ते जागचे न हलणारे आयन: पी बाजूला ऋण, एन बाजूला धन. या पट्ट्यात मुक्त वाहक उरत नाहीत, म्हणून त्याला डिप्लिशन लेअर म्हणतात. आयनांमुळे निर्माण झालेले विद्युत क्षेत्र पुढील प्रसरणाला विरोध करते. या विरोधाचे व्होल्टेज म्हणजे बॅरिअर पोटेन्शिअल. (आकृती 1: जंक्शन, आयन, डिप्लिशन लेअर, क्षेत्राची दिशा एनकडून पीकडे.)

*फॉरवर्ड बायस.* पी बाजू बॅटरीच्या धन व एन बाजू ऋण टोकाला जोडतात. बाहेरचे व्होल्टेज बॅरिअरच्या विरुद्ध असल्याने बॅरिअरची उंची कमी होते व डिप्लिशन लेअर अरुंद होतो. बहुसंख्य वाहक मोठ्या प्रमाणात जंक्शन ओलांडतात. करंट व्होल्टेजबरोबर घातांकी पद्धतीने वाढतो. मिलिअँपच्या स्केलवर सिलिकॉनमध्ये साधारण 0.6 ते 0.7 व्होल्टपर्यंत करंट नगण्य दिसतो व नंतर झपाट्याने वाढतो. या व्होल्टेजला नी व्होल्टेज म्हणतात. (आकृती 2अ: 0–10 व्होल्ट सप्लाय, 1 किलोओहम रोध, मिलिअमीटर, डायोड, व्होल्टमीटर फक्त डायोडला समांतर. रोध करंट मर्यादित ठेवतो.)

*रिव्हर्स बायस.* पी बाजू ऋण, एन बाजू धन टोकाला. बॅरिअर उंच होतो, डिप्लिशन लेअर रुंद होतो, बहुसंख्य वाहकांची वाट बंद होते. उष्णतेमुळे तयार झालेले अल्पसंख्य वाहक मात्र या क्षेत्राने पलीकडे ओढले जातात. त्यांची संख्या तापमानावर ठरते, व्होल्टेजवर नाही. म्हणून करंट जवळजवळ स्थिर राहतो. याला रिव्हर्स सॅच्युरेशन करंट I₀ म्हणतात. तापमान दर 10 अंश सेल्सिअसने वाढले की तो साधारण दुप्पट होतो. (आकृती 2ब: मायक्रोअमीटर व डायोड एकसरीत, व्होल्टमीटर दोहोंच्या मिळून टोकांना, कारण तो फक्त डायोडला जोडल्यास त्याचा स्वतःचा करंटही मायक्रोअमीटरमधून मोजला जाईल.)

*आलेख.* (आकृती 3.) पहिल्या चरणात एक्स अक्षावर 1 सेंमी = 0.1 व्होल्ट, वाय अक्षावर 1 सेंमी = 1 मिलिअँप. तिसऱ्या चरणात 1 सेंमी = 2 व्होल्ट व 1 सेंमी = 1 मायक्रोअँप. दोन्ही बाजूंची स्केल वेगळी असल्याचे आलेखावर लिहावे. दोन्ही भाग मिळून एकच समीकरण सांगते:

I = I₀ (e^(V/ηV_T) − 1)

खोलीच्या तापमानाला V_T = 26 मिलिव्होल्ट; η चे मूल्य 1 ते 2. V पुरेसे ऋण झाले की घातांकी पद नाहीसे होते व I = −I₀ उरतो.

*आलेखावरून.* 0.66 व्होल्टला 5 मिलिअँप व 0.69 व्होल्टला 9 मिलिअँप असल्यास डायनॅमिक रोध = 0.03 / 0.004 = 7.5 ओहम. 0.69 व्होल्टला स्टॅटिक रोध = 0.69 / 0.009 = सुमारे 77 ओहम. दोन्ही वेगळे असल्याने डायोड ओहमचा नियम पाळत नाही.

---

एवढंच. शेवटचा हिशोब कुणी लिहीत नाही, पण तो दिसला की तपासणाऱ्याला कळतं की पोराला आलेख वाचता येतो. तिथं माझा हात सैल व्हायचा.

तांबडा_पांढरा

सर, नाद खुळा. हे वाचून मला पण पेपर द्यावासा वाटतोय, आणि मी बी.कॉम. आहे.

अपूर्वा_राजारामपुरी

सर, "करंट नगण्य दिसतो" असं का लिहिलंत? शून्यच असतो ना 0.7 पर्यंत?

जुना_परीक्षक

"दिसतो" मुद्दाम लिहिलंय. वरच्याच दोन बिंदूंवरून η काढला तर 1.96 येतो. म्हणजे करंट दहापट व्हायला सुमारे 0.117 व्होल्ट लागतात. आता मागं मागं ये. 0.69 ला 9 मिलिअँप, 0.57 ला 0.9 च्या आसपास, 0.45 ला 0.09. शून्य कुठंच नाही. मिलिअँपच्या आलेखावर 0.09 ची रेघ अक्षाला चिकटलेली असते म्हणून शून्य वाटते. तीच रीडिंगं मायक्रोअँपच्या स्केलवर काढलीस तर नी 0.3 च्या जवळ सरकलेली दिसेल. बॅरिअर पोटेन्शिअल हा जंक्शनचा गुणधर्म, नी हा बराचसा आपल्या स्केलचा. दोन्हींना 0.7 म्हणून एकच समजायची सवय पुस्तकांनीच लावली आहे, तुझा दोष नाही.

आणि सोल्डरगन, तुमचा मीटर डायोड टेस्टला साधारण 1 मिलिअँपच सोडतो. वरच्या आकड्यांत 1 मिलिअँपला 0.58 येतात. तुमचे 0.57 बरोबर आहेत.

सोल्डरगन

22 वर्षांनी उत्तर मिळालं. दुकानात या सर, चहा लागू. मी उगाच एका सप्लायरशी भांडलो होतो.

अपूर्वा_राजारामपुरी

म्हणजे 0.7 चौकटीत टाकू नको म्हणताय?

जुना_परीक्षक

टाक. "साधारण" शब्द लावून टाक.

बिंदू_चौक_क्लास

मी शिकवतो, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. जुना परीक्षक यांनी ब्रेकडाउन गाळलंय. "कॅरॅक्टरिस्टिक्स" म्हटल्यावर रिव्हर्समध्ये ठरावीक व्होल्टेजला करंट एकदम वाढून आलेख खाली कोसळतो तो भाग आलाच पाहिजे. माझ्या मुलांना मी झेनर आणि अव्हलांश दोन्ही चार-चार ओळी लिहायला लावतो. एक मार्क त्याचाच असतो.

जुना_परीक्षक

असेल. मी एक ओळ आणि तुटक रेघ मान्य करतो. पण मुलं काय करतात बघा: सर्किटमध्ये 4007 लिहितात, 10 व्होल्टचा सप्लाय काढतात आणि आलेखात 8 व्होल्टला ब्रेकडाउन दाखवतात. 4007 ला 1000 व्होल्टचं रेटिंग आहे. प्रयोगात जे दिसूच शकत नाही ते रीडिंगांच्या आलेखावर ठळक रेघेनं काढलं की मी अर्धा मार्क कापायचो.

बिंदू_चौक_क्लास

तुम्ही कापायचात, बाकीचे देतात. पोरांनी कुणाच्या भरवशावर लिहायचं?

शिरोली_सेकंड_शिफ्ट

तुटक रेघ काढा, दोघंही खूश. आमच्या फाउंड्रीत पण ड्रॉइंगवर शंका असली की तुटक काढतात.

माउली_रंकाळा

माझी मुलगी बारावीला आहे. तिच्या पुस्तकात हे एवढं नाही. तिनं पण एवढं लिहायचं का? व्होल्टमीटरचं तर काहीच नाही तिच्याकडं.

मिसळ_आणि_मीटर

नाही काकू, हे बीएस्सीचं आहे. तिला तिच्या पुस्तकातलं सर्किट आणि आलेख पुरे.

गंगावेशचा_गडी

आठ दिवसांनी परत आलोय. लॅबला गेलो. जुनी जोडणी केली, 10 व्होल्टला 1.0 मायक्रोअँप. मग सरांनी सांगितलं तसं डायोड उपटला. मीटरवर 1.0 च! डायोड माझ्या हातात आणि मीटर 1.0 दाखवतोय. लॅब असिस्टंट काका पण बघायला आले.

मग व्होल्टमीटर बाहेर घेतला. आता नवीन कटकट: 2 ते 10 व्होल्ट सगळीकडं 0.0. जर्नलमध्ये शून्यं लिहू?

जुना_परीक्षक

लिही. "करंट मीटरच्या किमान मापापेक्षा कमी" अशी ओळ खाली टाक. ते खरं आहे. आणि लॅबमध्ये जर्मेनिअमचा डायोड असेल तर तो मागून घे. त्याची गळती मायक्रोअँपमध्ये असते, काहीतरी दिसेल.

गंगावेशचा_गडी

काकांनी खोक्यातून काचेचा एक जुना काढून दिला. 2 व्होल्टला 4.1, 6 ला 5.3, 10 ला 6.8 मायक्रोअँप. शून्यातून निघालेली सरळ रेष नाही, पण एकदम आडवी पण नाही. थोडी उतरतेय. आता पेपरात आडवी काढू का उतरती?

बिंदू_चौक_क्लास

आडवी. उत्तर थिअरीचं आहे.

जुना_परीक्षक

किंचित उतरती. डायोडच्या पृष्ठभागावरून होणारी गळती व्होल्टेजबरोबर वाढते, ती I₀ मध्ये मिसळते. स्वतःची रीडिंगं लिहिणार असशील तर आलेख रीडिंगांचाच हवा.

तांबडा_पांढरा

गड्या, रेघ काढताना हात जरा थरथरू दे. दोघांनाही आपापलं दिसेल.

गंगावेशचा_गडी

😂 रीडिंगं लिहीन आणि उतरतीच काढीन. लाल गोल परत आला तर झेरॉक्स इथंच टाकतो.